एका वेळी किती मीटिंगा?

संगणकाच्या लेखी मीटिंग म्हणजे दोन आकडे: सुरू होण्याची वेळ आणि संपण्याची वेळ. विषय कोणता, अध्यक्ष कोण, चहा आला की नाही, यातलं काही त्याला लागत नाही. अशा जोड्यांची यादी हाती आली की तिला दोन प्रश्न विचारता येतात. दिवसातला कोणता वेळ कुठल्या ना कुठल्या मीटिंगने व्यापलेला होता आणि कोणता पूर्ण मोकळा होता, हा पहिला प्रश्न. एकाच वेळी जास्तीत जास्त किती मीटिंगा चालू होत्या, म्हणजे निदान किती खोल्या लागतील, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एकमेकींवर चढलेल्या मीटिंगा जोडून सलग पट्टे केले की मिळतं. दुसऱ्याचं उत्तर स्वीप लाइन नावाच्या पद्धतीने मिळतं. दोन्हींची सुरुवात मात्र एकच आहे: आधी क्रमवारी लावायची.

एका ऑफिसचा नमुन्यादाखल दिवस घेऊ. नोंदी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने अशा आहेत:

प्रशिक्षण, दुपारी १.०० ते ३.००
विक्री, सकाळी ९.३० ते १०.३०
खरेदी, दुपारी १२.०० ते १२.३०
लेखा, सकाळी १०.०० ते ११.००
ग्राहकभेट, दुपारी २.३० ते ४.००
भरती, सकाळी १०.१५ ते दुपारी १२.००
पुरवठा, सकाळी १०.३० ते ११.३०
रचना, दुपारी १.३० ते २.००
कायदा, दुपारी २.०० ते २.४५

ही यादी नुसती वाचून दोन्हींपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर चटकन देता येत नाही. सरळसोट उपाय म्हणजे प्रत्येक मीटिंग बाकीच्या प्रत्येक मीटिंगशी ताडून पाहायची. नऊ मीटिंगांच्या जोड्या होतात ३६, तेवढ्या हातानेही तपासता येतील. पण मोठ्या कंपनीच्या हजार मीटिंगा घेतल्या तर जोड्या होतात ४,९९,५००. शिवाय एवढं करून हातात येते ती फक्त कोणती मीटिंग कोणत्या मीटिंगवर चढते याची यादी. त्यातून पट्टे बांधायचं काम शिल्लकच राहतं.

त्याऐवजी सुरुवातीच्या वेळेनुसार क्रम लावला की मीटिंगा अशा येतात: विक्री, लेखा, भरती, पुरवठा, खरेदी, प्रशिक्षण, रचना, कायदा, ग्राहकभेट. आता ही यादी एकदाच, वरून खाली वाचायची. वाचताना हातात एकच उघडा पट्टा ठेवायचा आणि त्याचा शेवट लक्षात ठेवायचा.

विक्रीपासून पट्टा सुरू होतो, ९.३० ते १०.३०. पुढची लेखा १० वाजता सुरू होते. तेव्हा पट्टा अजून संपलेला नाही, म्हणून ती त्यात सामावते आणि पट्ट्याचा शेवट ११ वर सरकतो. भरती १०.१५ ला सुरू होते आणि शेवट १२ पर्यंत नेते. पुरवठा १०.३० ला सुरू होऊन ११.३० ला संपते, म्हणजे ती पूर्णपणे पट्ट्याच्या पोटातच आहे. तिच्यामुळे काहीच बदलत नाही. खरेदी बरोबर १२ ला सुरू होते, पट्टाही १२ लाच संपतो. मध्ये एक मिनिटाचीही फट नाही, म्हणून जोडायचं, आणि शेवट झाला १२.३०. प्रशिक्षण मात्र १ वाजता सुरू होतं, पट्टा संपल्यानंतर अर्ध्या तासाने. इथे पहिला पट्टा बंद करायचा आणि दुसरा उघडायचा, १ ते ३. रचना आणि कायदा दोन्ही याच्या पोटात जातात. ग्राहकभेट २.३० ला सुरू होऊन शेवट ४ पर्यंत नेते. यादी संपली. हातात दोन पट्टे आले: ९.३० ते १२.३० आणि १ ते ४. मधला मोकळा वेळ साडेबारा ते एक.

एकदा बंद केलेला पट्टा पुन्हा उघडावा लागणार नाही, याची खात्री क्रमवारीमुळेच मिळते. प्रशिक्षण साडेबारानंतर सुरू झालं. यादीत त्याच्या खाली असलेली प्रत्येक मीटिंग प्रशिक्षणाबरोबर किंवा त्यानंतरच सुरू होणार. म्हणजे मागच्या पट्ट्याला स्पर्श करू शकेल अशी एकही मीटिंग आता शिल्लक नाही. क्रम लावला नसता तर ही खात्री शेवटची नोंद वाचेपर्यंत मिळाली नसती. पायथॉन भाषेत हे सगळं एवढ्याच ओळींत बसतं:

```python
def merge(meetings):
    blocks = []
    for start, end in sorted(meetings):
        if blocks and start <= blocks[-1][1]:
            blocks[-1][1] = max(blocks[-1][1], end)
        else:
            blocks.append([start, end])
    return blocks
```

यात चूक होते ती बहुतेक `max` च्या ओळीत. नवशिका माणूस तिथे नुसता नव्या मीटिंगचा शेवट लिहून मोकळा होतो. जी नंतर सुरू झाली ती नंतर संपणार, असं मनात कुठेतरी गृहीत धरलेलं असतं. गंमत म्हणजे वरच्या नऊ मीटिंगांपैकी फक्त दुपारच्या मीटिंगांवर चुकीचा प्रोग्रॅम चालवला तर उत्तर बरोबर येतं. पुरवठ्यामुळे सकाळच्या पट्ट्याचा शेवट १२ वरून ११.३० वर मागे येतो, खरेदी १२ ला सुरू होते, आणि लगेच पट्टा तुटायला हवा. तो खरोखरच तुटतो: ९.३० ते ११.३० आणि १२ ते १२.३०. म्हणजे सकाळी चूक पकडली जाते, पण दुपारी लपून राहते. रचनेमुळे शेवट ३ वरून २ वर येतो, कायदा २ लाच सुरू होऊन तो २.४५ करते, ग्राहकभेट २.३० ला येऊन ४ करते, आणि शेवटी पट्टा १ ते ४ असा बरोबरच दिसतो. थोडक्यात, ज्याने चाचणीला केवळ दुपारच्या मीटिंगा घेतल्या तो बेसावध राहील. ग्राहकभेट २.३० ऐवजी २.५० ला ठेवली असती तर दुपारीही पट्टा २.४५ ला तुटला असता आणि पाच मिनिटांचा खोटा मोकळा वेळ दिसला असता, तोही प्रशिक्षण चालू असताना. म्हणून असा प्रोग्रॅम तपासताना एक लांब मीटिंग आणि तिच्या पोटात एक छोटी, अशी जोडी चाचणीत असायलाच हवी. आणि त्या छोटीनंतर, पण लांब मीटिंग संपण्याआधी, तिसरी सुरू व्हायला हवी.

दोन पट्ट्यांची मिळून लांबी सहा तास होते. नऊ मीटिंगांचे तास वेगवेगळे मोजून बेरीज केली तर मात्र ती दहा तास येते. हा चार तासांचा फरक जोडण्याच्या क्रियेत गडप झाला, कारण पट्टा फक्त ‘इथे काहीतरी चालू होतं’ एवढंच सांगतो. एक मीटिंग होती की तीन, हे त्याला माहीत नसतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पट्ट्यांमधून कितीही डोकं चालवलं तरी निघणार नाही. त्यासाठी मूळ नोंदींकडे परत जावं लागतं.

स्वीप लाइनची युक्ती अशी की मीटिंगला एक वस्तू न मानता दोन घटना मानायचं. सभागृहाच्या दारात उभा असलेला माणूस आत येणाऱ्यासाठी एक वाढवतो आणि बाहेर जाणाऱ्यासाठी एक कमी करतो. कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, तरी आत किती जण आहेत हे त्याला नेहमी ठाऊक असतं. तसंच इथे. प्रत्येक सुरुवातीला अधिक एक, प्रत्येक शेवटाला वजा एक. नऊ मीटिंगांच्या अठरा घटना झाल्या. त्या वेळेनुसार लावायच्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक काल्पनिक रेघ सरकवत न्यायची. रेघ घटनांच्या मधल्या वेळेत थांबत नाही, कारण तिथे संख्या बदलूच शकत नाही.

साडेनऊला मोजणी १ होते, दहाला २, सव्वादहाला ३. साडेदहाला दोन घटना एकत्र येतात: विक्री संपते, मोजणी २, आणि पुरवठा सुरू होते, पुन्हा ३. अकराला २, साडेअकराला १. बाराला भरती संपून शून्य आणि लगेच खरेदी सुरू होऊन १. साडेबाराला शून्य. दुपारी एकला १, दीडला २. दोनला रचना संपते आणि कायदा सुरू होते, म्हणजे १ होऊन पुन्हा २. अडीचला ३, पावणेतीनला २, तीनला १, चारला शून्य. सर्वांत मोठी संख्या ३. या ऑफिसला त्या दिवशी तीन खोल्या लागल्या.

```python
def busiest(meetings):
    events = []
    for start, end in meetings:
        events += [(start, 1), (end, -1)]
    count = best = 0
    for time, change in sorted(events):
        count += change
        best = max(best, count)
    return best
```

साडेदहाच्या दोन घटनांपैकी आधी कोणती घ्यायची, यावर सगळं अवलंबून आहे. पुरवठ्याची सुरुवात आधी धरली तर मोजणी ३ वरून ४ होते आणि मग विक्री संपून परत ३. उत्तर ४ येतं आणि एक चौथी खोली भाड्याने घेतली जाते, जी शून्य मिनिटं वापरली जाणार असते. एकाच वेळी येणाऱ्या घटनांत शेवट आधी घ्यायचा, म्हणजे मीटिंग सुरुवातीच्या क्षणी खोलीत असते पण शेवटच्या क्षणी नसते, असं ठरवायचं. वरच्या प्रोग्रॅममध्ये हे ठरवलेलं कुठे दिसत नाही, तरी तो बरोबर चालतो. पायथॉन जोड्यांचा क्रम लावताना वेळ सारखी असली की दुसरा आकडा पाहतो आणि −१ हा १ पेक्षा लहान असल्याने शेवट आपोआप पुढे येतो. लिहिणाऱ्याने हे जाणून लिहिलं असेल तर ठीक. ‘सुरू’ आणि ‘संप’ असे शब्द वापरून हाच प्रोग्रॅम कोणी लिहिला तर क्रम अक्षरांवरून लागेल आणि निकाल नशिबावर जाईल.

हा नियम सगळीकडे मात्र लागू होत नाही. मीटिंगांऐवजी रजांची यादी घेतली तर चित्र उलटं होतं. एका कर्मचाऱ्याची रजा ५ ते ७ तारीख आणि दुसऱ्याची ७ ते ९. सात तारखेला दोघंही घरी आहेत, कारण रजेचा शेवटचा दिवस रजेतच मोजला जातो. इथे शेवट आधी घेतला तर मोजणी १ च दाखवेल आणि सात तारखेला काउंटरवर माणूस कमी पडेल. सोपा उपाय असा की नोंद घेतानाच शेवटात एक दिवस मिळवायचा. पहिली रजा ‘५ पासून ८ च्या आधीपर्यंत’ अशी लिहिली की मीटिंगांचाच प्रोग्रॅम न बदलता चालतो. जोडण्याच्या कामातही त्याने फायदा होतो. ५ ते ७ आणि ८ ते १० या रजा सलग आहेत हे माणसाला दिसतं, पण ८ हा ७ पेक्षा मोठा म्हणून प्रोग्रॅम त्या तोडतो. पहिलीचा शेवट ८ केला की त्या आपोआप जुळतात.

बारा वाजताच्या घटनांमध्ये आणखी एक खाच आहे. मोजणी शून्याच्या वर असेल तिथे पट्टा आहे, हे खरं असल्याने स्वीप लाइनमधून पट्टेही काढता येतात. पण शेवट आधी घेतल्यामुळे बाराला मोजणी क्षणभर शून्य झाली होती. त्याच क्षणी पट्टा बंद केला तर सकाळचा एक पट्टा दोन तुकड्यांत मोडतो. म्हणून पट्टे काढताना एका वेळच्या सगळ्या घटना संपवायच्या आणि मगच शून्य आहे का हे पाहायचं.

सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षाही मोजणीचा चढउतार जास्त सांगतो. या दिवशी तीन मीटिंगा एकदम चालू होत्या तो वेळ सव्वादहा ते अकरा आणि अडीच ते पावणेतीन, मिळून एक तास. दोन मीटिंगा चालू होत्या असा वेळ दोन तास, आणि एकच चालू होती असा तीन तास. एक, दोन आणि तीन मिळून सहा तास होतात, जी पट्ट्यांची लांबी आहे. प्रत्येक तासाला त्या वेळच्या मीटिंगांच्या संख्येने गुणलं तर तीन, चार आणि तीन मिळून दहा होतात, जी नऊ मीटिंगांची एकूण लांबी आहे. हा ताळा फार उपयोगाचा आहे. दोन्ही प्रोग्रॅम वेगवेगळे चालवून या बेरजा जुळल्या नाहीत तर चूक कुठेतरी आहेच. तिसरी खोली फक्त तासभर लागते, हे कळलं की अडीचची ग्राहकभेट पाऊण वाजता... असं काहीतरी सुचण्याआधी पाहुण्याला विचारावं लागेल, पण ती पावणेतीनला नेली तर दुपारी दोनच खोल्या पुरतात, हे गणित आधीच सांगून ठेवतं.

प्रत्यक्षात घोटाळे होतात ते नोंदींमुळे. वेळा मजकूर म्हणून साठवल्या असतील तर संगणक त्या अक्षरांप्रमाणे लावतो. `9:30` हा मजकूर `10:00` च्या नंतर येतो, कारण ९ हे अक्षर १ च्या नंतरचं. सगळी क्रमवारी बिघडते आणि प्रोग्रॅम कुठेही तक्रार करत नाही. वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत बदलली, म्हणजे साडेनऊ ५७० आणि दुपारचा एक ७८०, की ही कटकट राहत नाही. रात्री ११ ते साडेबारा अशी मीटिंग असली तर शेवट सुरुवातीपेक्षा लहान होतो. तिथे तारखेसकट वेळ घ्यावी लागते. अशी नोंद शिरली आहे हे स्वीप लाइन स्वतःच सांगते: शेवट आधी आल्याने मोजणी शून्याखाली जाते. शून्य लांबीची मीटिंगही तेच करते. मोजणी कधी ऋण होता कामा नये आणि दिवसाअखेर शून्यच उरली पाहिजे, या दोन अटी प्रोग्रॅममध्ये तपासल्या तर बऱ्याच बिघडलेल्या नोंदी सापडतात. पण रात्रीच्या मीटिंगेत शेवटी शून्यच उरतं, म्हणून केवळ दिवसाअखेरची अट पुरेशी नाही.

या दोन्ही कामांत खरा वेळ जातो तो क्रम लावण्यात. नंतरचं वाचन एकदाच होतं. हजार मीटिंगांची क्रमवारी लावायला साधारण दहा हजार तुलना लागतात, जोड्यांच्या जवळपास पाच लाखांच्या समोर हे किरकोळ आहे. क्रम न लावता याहून लवकर काम होईल का, हा प्रश्न अमेरिकन गणिती व्हिक्टर क्ली यांनी १९७७ मध्ये विचारला होता: रेषेवरच्या तुकड्यांनी मिळून व्यापलेली लांबी काढायला क्रमवारीएवढा वेळ लागलाच पाहिजे का? पुढच्याच वर्षी फ्रेडमन आणि वाइड यांनी दाखवलं की तुलनांवर आधारलेल्या कोणत्याही पद्धतीत तेवढा वेळ टळत नाही. वेळा ठरावीक खान्यांत बसत असतील, उदाहरणार्थ दिवसाची १,४४० मिनिटं, तर मात्र क्रम लावायची गरज नाही. प्रत्येक मिनिटाचा एक खाना करायचा, सुरुवातीच्या खान्यात एक मिळवायचा, शेवटच्या खान्यातून एक वजा करायचा आणि सरळ बेरीज करत जायचं. सरकत्या रेघेची कल्पना मुळात भूमितीतली. शेमोस आणि होई यांनी १९७६ मध्ये प्रतलावरचे रेषाखंड एकमेकांना छेदतात का हे तपासायला ती वापरली, आणि १९७९ मध्ये बेंटली आणि ऑटमन यांनी सगळे छेदबिंदू शोधायची पद्धत दिली. मीटिंगांच्या प्रश्नात प्रतल नाही, फक्त वेळेची एक रेषा आहे, म्हणून तो त्या पद्धतीचं सर्वांत साधं रूप ठरतो.

आता तीनच खोल्या खरंच पुरतात का, हे पाहायला हवं. तीनपेक्षा कमी चालणार नाहीत हे उघड आहे, कारण तीन मीटिंगा एकाच क्षणी चालू होत्या. तीन पुरतात, कारण मीटिंगा सुरुवातीच्या क्रमाने घेतल्या आणि प्रत्येकीला तेव्हा रिकामी असलेली कोणतीही खोली दिली, तर चौथी खोली लागण्याचा प्रसंग म्हणजे नवी मीटिंग सुरू होताना तिन्ही खोल्या भरलेल्या असणं. तसं झालं तर त्या क्षणी चार मीटिंगा चालू असतील, आणि मोजणी तर तीनच्या वर गेलीच नाही.

पण या हमीला अटी आहेत. खोल्या एकसारख्या असाव्या लागतात. प्रशिक्षणाला चाळीस खुर्च्या हव्या असतील आणि तेवढी खोली एकच असेल, तर हा निव्वळ मोजणीचा प्रश्न उरत नाही. दोन मीटिंगांच्या मध्ये खोली आवरायला दहा मिनिटं लागत असतील तर प्रत्येक शेवटात दहा मिनिटं मिळवून मोजावं लागतं. या दिवशी तसं केलं तर विक्रीची खोली १०.४० पर्यंत अडते आणि साडेदहाला चार खोल्या लागतात. तिसरी अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: सगळ्या मीटिंगा आधी माहीत असायला हव्यात. प्रत्यक्षात नोंद येते तेव्हाच खोली देऊन टाकली जाते आणि नंतर बदलली जात नाही. कीरस्टेड आणि ट्रॉटर यांनी १९८१ मध्ये अशा तत्काळ वाटपाचा हिशेब मांडला. एका वेळी जास्तीत जास्त `k` मीटिंगा चालू असतील, तर नोंदी कोणत्याही क्रमाने आल्या तरी `3k − 2` खोल्यांत भागवणारी पद्धत आहे, आणि वाईटात वाईट क्रमासाठी त्याहून कमी खोल्यांची हमी कोणतीच पद्धत देऊ शकत नाही. तीनसाठी हा आकडा सात येतो. म्हणून नोंद झाल्यावर फक्त वेळ पक्की करावी आणि खोलीचा क्रमांक त्या दिवशी सकाळी, पूर्ण यादी क्रमाने लावून, कळवावा.